बॅटरीचे आयुष्य वापरणाऱ्याच्या सवयींत



विजेवर चालणारी मोटार घ्यायची ठरली की घरात प्रथम चर्चा होते ती एका चार्जमध्ये किती किलोमीटर, याची. बॅटरी कोणत्या रसायनाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातही बहुधा ‘लिथियम-आयन’ एवढेच लिहिलेले असते. वस्तुतः त्यात दोन भिन्न कुळे आहेत. एक लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचे, म्हणजे एलएफपी. टाटांच्या नेक्सॉनमध्ये आणि महिंद्रांच्या बीई ६ मध्ये तेच आहे. दुसरे निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांचे, म्हणजे एनएमसी. महिंद्रांच्या एक्सयूव्ही ४०० मध्ये ते वापरले गेले. लोहाचे हे रसायन १९९७ साली टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाने जगापुढे मांडले. त्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

निकेलची बॅटरी तितकीच वीज कमी वजनात साठवते. लोहाची अधिक जड, परंतु निकेल-कोबाल्टसारखे महाग धातू तिच्यात नसल्याने साधारणतः वीस ते तीस टक्के स्वस्त. आयुष्याविषयी जाहिरातीत चक्रांची संख्या सांगितली जाते. निकेलची हजार ते दोन हजार, लोहाची तीन हजार किंवा त्याहून अधिक. या आकड्यांनी सामान्य कुटुंबाची दिशाभूल होते. ती कशी, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, सांगलीच्या विश्रामबागेत राहणारे एक कुटुंब आहे. पाच दिवस गावातल्या गावात पंचवीस किलोमीटर, आणि दर शनिवारी कराडमार्गे साताऱ्याला आई-वडिलांकडे जाऊन परत, म्हणजे अंदाजे अडीचशे. वर्षाचे वीस हजार किलोमीटर झाले. बॅटरी पंचेचाळीस युनिटची आणि एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर पूर्ण चार्जमध्ये सुमारे दोनशे नव्वद किलोमीटर होतात. म्हणजे वर्षाला पूर्ण चक्रे सत्तरच्या आसपास. या हिशेबाने दीड हजार चक्रांची निकेल बॅटरीही वीस वर्षे संपणार नाही! दररोज तीनशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचा हिशेब मात्र वेगळा. तिची वर्षाला तीनशेहून अधिक चक्रे होतात, निकेलची बॅटरी पाचएक वर्षांत थकते. टॅक्सीवाल्याने डोळे मिटून लोहाची घ्यावी.

मग कुटुंबाची बॅटरी झिजते कशाने? उभ्या उभ्या. काठोकाठ भरलेली निकेल बॅटरी सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसेंदिवस उभी राहिली, तर आतील द्रावणाचे विघटन वेगाने होते आणि धारणशक्ती कायमची घटते. म्हणून रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी. ऐंशी टक्क्यांत दोनशे तीस किलोमीटर. म्हणजे साताऱ्याची फेरी पुरी होत नाही. त्या दिवसासाठी शंभर टक्के भरायला प्रत्यवाय नाही, परंतु भरणे पहाटे निघण्याच्या सुमारास संपेल अशी वेळ लावावी. एवढी शिस्त पाळणारे घर असेल तर निकेल उत्तम टिकते.

लोहाच्या बॅटरीला पूर्ण भरण्याचा त्रास कमी होतो. महिनाभर गावाला जाताना तीही निम्मीच भरून ठेवावी, हे खरे. पण तिला एक वेगळीच खोड आहे. तिचा दाब बराच काळ जवळजवळ एकसारखा राहतो, त्यामुळे किती वीज उरली हे दाबावरून नीट कळत नाही. गाडीतील यंत्रणा आत आलेल्या व बाहेर गेलेल्या विजेचा जमाखर्च ठेवते, आणि त्यात हळूहळू चूक साचते. पूर्ण भरताना शेवटी दाब झपाट्याने चढतो, तेव्हाच हिशेब जुळतो. जो आठवडेच्या आठवडे ऐंशीवरच थांबतो, त्याची गाडी पेठ नाक्याजवळ अठरा टक्के दाखवून काही मिनिटांत सहावर येऊ शकते. बॅटरी बिघडलेली नसते. पडद्यावरचा आकडा चुकलेला असतो. आठवड्यातून एकदा घरच्या संथ चार्जरवर शंभर टक्के भरणे हा त्यावरचा उपाय. आपल्या उदाहरणातील कुटुंबाचे हे काम शुक्रवारी रात्री आपोआपच होते. त्यांनी लोहाची निवडावी.

गाडीत कोणते रसायन आहे हे विक्रेत्याला सांगता आले नाही, तर वापर-पुस्तिका मागून पाहावी. नियमितपणे पूर्ण भरण्याची सूचना असेल तर बहुधा लोह, रोज ऐंशीवर थांबण्याची असेल तर बहुधा निकेल.

सातारकरांसाठी एक गोष्ट वेगळी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात पारा शून्याजवळ जातो. तेथे रात्रभर उभी राहिलेली लोहाची बॅटरी सकाळी जलद चार्जरवरही रेंगाळत भरते. आणि रसायन कोणतेही असो, वर मुक्कामी शंभर टक्के भरून केळघर घाट उतरू नये. उतारावर ब्रेकमधून परत येणारी वीज साठवायला बॅटरीत जागाच नसते, आणि सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.