पावसाळ्यातील रस्ता आणि परत फिरण्याचा निर्णय

(मेहकर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपले मेहकर पैनगंगेच्या काठी वसलेले आहे. आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी ही नदी चिखलीकडून मेहकरात येते आणि पुढे वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेडच्या मुलखातून वाहत जाऊन वर्धा नदीला मिळते. तिला व तिच्या नाल्यांना ओलांडल्याशिवाय आपल्या तालुक्यात फारसे कोठे जाता येत नाही. म्हणून पाऊस पडत असताना वाहन कसे चालवावे आणि कोठून परत फिरावे, याविषयी आज मी बोलणार आहे.

प्रारंभी याच खोऱ्यातील एका दुर्घटनेचे स्मरण करतो. दिनांक २८ सप्टेंबर २०२१ रोजी सकाळी नांदेडहून नागपूरकडे निघालेली राज्य परिवहनची एक बस उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पोहोचली. पुलावरून पाणी वाहत होते. बस पुलावर गेली, प्रवाहाने ती खाली ओढली गेली आणि तीत प्राणहानी झाली. बस हे काही हलके वाहन नव्हे. रिकामी असली तरी तिचे वजन कित्येक टन भरते. मग इतके जड वाहन पाण्याने कसे उचलले? आणि ज्या ठिकाणी थांबावयास हवे होते, तेथे थांबणे पावसाळ्यात इतके अवघड का होते? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. थांबण्याचा प्रश्न आधी घेऊ.

चालकाला धोका दिसला आणि त्याचा पाय ब्रेकवर पडला, एवढ्यात साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार तेवढ्या काळात २५ मीटर पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागून ती प्रत्यक्ष उभी राहावयास कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर रबर आणि डांबर यांची पकड जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून हेच अंतर सुमारे ३५ मीटर होते. म्हणजे ओल्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने एकूण ६० मीटर हवेत. वेग ८० केला तर सुमारे ९५ मीटर लागतात; ४० वर आणला तर ३३ मीटर पुरतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे यामागील गणित आहे. टायर झिजलेले असतील, तर हे आकडे आणखी वाढतात.

आता रात्रीची वेळ घ्या. पावसात मोटारीचा खालचा प्रकाशझोत चाळीस-पन्नास मीटरपलीकडे फारसे काही दाखवीत नाही. ताशी ६० वेगाने जाणाऱ्याला नाल्यावरचे पाणी दिसेल तेव्हा ते चाळीस मीटरवर असेल आणि गाडी थांबावयास साठ मीटर लागतील. अशा चालकाने परत फिरण्याचा निर्णय कितीही तत्परतेने घेतला, तरी तो पाण्यात शिरल्यावरच अमलात येणार. तेव्हा पावसाळी रात्री आपल्या तालुक्यातील अंतर्गत रस्त्यांवर वेग ४० च्या आत असावा, हे केवळ सावधपणाचे सांगणे नसून डोळ्यांना जेवढे दिसते त्यावरून काढलेला हिशेब आहे.

या हिशेबात आपल्या मातीचाही वाटा आहे. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि वाहनांतून ठिबकलेले तेल पहिल्या सरीत एकत्र होऊन त्यांचा गुळगुळीत थर बनतो. जोराचा पाऊस पडला की तो धुऊन जातो. परंतु पहिल्या अर्ध्या तासाच्या रिमझिमीत रस्ता सर्वांत अधिक निसरडा असतो. दुसरे असे की, पेरणीच्या व काढणीच्या दिवसांत शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी चिकणमाती डांबरावर येते. ती ओली झाली की दुचाकीस्वाराला रस्त्याचा काही भरवसा राहत नाही. शेताच्या वाटा जेथे डांबरी रस्त्याला मिळतात, तेथे वळणावर ब्रेक लावणे टाळावे. वेग वळणाआधीच कमी करावा.

वेगवान रस्त्यावर मात्र निराळाच प्रकार घडतो. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो आणि तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. ही मर्यादा कोरड्या रस्त्याची समजावी. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले असता ताशी ८० वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला दर सेकंदाला सुमारे बारा लिटर, म्हणजे जवळजवळ एक बादली पाणी बाजूला सारावे लागते. टायरवरील खाचा हेच काम करतात. वेग वाढला किंवा खाचा झिजल्या, की पाणी बाहेर पडावयास वेळ मिळत नाही. चाकापुढे पाण्याची पाचर तयार होते, ती टायरखाली घुसते आणि चाक रस्त्यावरून उचलले जाऊन पाण्यावर चालू लागते. याला ‘ॲक्वाप्लेनिंग’ म्हणतात. चाकाचा रस्त्याशी संबंधच तुटल्यामुळे अशा वेळी चक्र फिरवूनही गाडी वळत नाही आणि ब्रेक लावूनही थांबत नाही.

हे कोणत्या वेगाला घडेल, ते मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असते. विमानांच्या चाकांवर झालेल्या प्रयोगांतून याचा एक ठोकताळा मिळाला आहे. त्यानुसार खाचांत मावणार नाही इतके पाणी असेल, तर ३२ पौंड दाबाचा मोटारीचा टायर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो. दाब २० पौंडांवर आला असेल तर ७५ लाच. उन्हात टायर फुटेल या भीतीने काही चालक हवा कमी ठेवतात. त्याने टायर अधिक तापतो, आणि पावसाळ्यात वर सांगितलेला धोकाही लवकर ओढवतो. म्हणून हवा उत्पादकाने सांगितली तेवढीच ठेवावी. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. खाच १.६ मिलिमीटर उरली की ते टायरच्या पृष्ठाशी समतल होतात. टायर बदलण्याची ती शेवटची खूण होय. पावसाळ्यापूर्वी ती अवश्य पाहावी.

गाडी तरंगू लागल्याचे कसे ओळखावे? चक्र एकाएकी हलके लागते, पाण्याचा आवाज बदलतो, आणि काही वेळा वेग न वाढता इंजिनाचा आवाज मात्र चढतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरील पाय सावकाश काढावा, चक्र सरळ धरावे आणि ब्रेक दाबू नये. वेग थोडा उतरला की चाके पुन्हा रस्ता पकडतात. घाबरून चक्र वळवले असेल, तर पकड परत येताच वळलेली चाके गाडीला त्याच दिशेने झटका देतात. या क्षणी गाडी उलटू शकते.

आता दहागावच्या प्रश्नाकडे वळू. पाण्यात उभ्या असलेल्या वस्तूचे वजन, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके कमी होते. नऊशे किलो वजनाच्या लहान मोटारीचा तळ पाच चौरस मीटरचा आणि जमिनीपासून वीस सेंटिमीटर उंच आहे असे धरा. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढले की पाचशे किलो वजन पाण्यानेच उचलले. जमिनीपासून अडतीस सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी आले की मोटार पूर्ण तरंगली. त्याआधीच तिची चाके पकड सोडू लागतात, आणि आडवा प्रवाह तिला काठाकडे ढकलू लागतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर हा रेटा चौपट होतो. बसचा तळ उंच असतो हे खरे. परंतु तिची बाजू दहा मीटर लांब असते. तेवढ्या मोठ्या भिंतीवर पाण्याचा रेटा बसला, की जडपणाचा भरवसा उरत नाही.

शिवाय गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही, हे काठावरून कोणालाच सांगता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळला आणि अंधारात दोन बसगाड्या व इतर वाहने नदीत गेली. तेथे चालकांना धोका दिसलाच नव्हता. आपल्या फरशी पुलांवर, ज्यांना आपण रपटे म्हणतो, निदान पाणी तरी दिसते. तेव्हा नियम एवढाच असावा : वाहते पाणी रस्त्यावर असेल तर कितीही कमी वाटले तरी त्यात वाहन घालू नये. पुढची गाडी पार झाली हा पुरावा नव्हे. मधल्या दोन मिनिटांत पाणी चढलेले असू शकते. मेहकरात ऊन पडले हाही पुरावा नव्हे. पाऊस वर चिखलीकडे पडलेला असतो आणि पाणी मागाहून येते.

साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. रस्ता ओळखीचा असेल आणि पाणी चाकाच्या मध्यापेक्षा बरेच खाली असेल, तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, संथ एकसारख्या गतीने जावे. बाहेर पडल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक लावून तो कोरडा करावा. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सुरू करू नये. आत शिरलेल्या पाण्याने ते कायमचे निकामी होते. पाणी वाढू लागले तर काच तत्काळ खाली करून बाहेर पडावे. दारावर अर्धा मीटर पाणी चढले की त्यावर सव्वाशे किलोंचा भार येतो आणि दार आतून उघडत नाही.

शेवटी पंचायत सदस्यांसाठी एक गोष्ट. आपले बहुतेक रपटे अरुंद रस्त्यावर आहेत आणि दोन्ही बाजूंस काळ्या मातीची मऊ साइडपट्टी आहे. तेथे पोहोचलेल्या बसला वळावयास जागाच नसते. मागे दुसरी वाहने लागतात आणि चालकावर पुढे जाण्याचा दबाव येतो. म्हणून ‘पुढे पाणी आहे’ ही सूचना रपट्याच्या काठावर देऊन उपयोग नाही. ती आधीच्या फाट्यावर द्यावयास हवी, जेथे बस वळू शकते. पाणी चढताच पोलीस पाटलाने किंवा कोतवालाने पलीकडच्या गावास दूरध्वनी करावा आणि दोन्ही फाट्यांवर आडवे बांबू लावावेत. रपट्याच्या सर्वांत सखल जागी खांब उभा करून त्यावर १५ व ३० सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात. पाणी चढते आहे की उतरते आहे, हे त्यावरून गावाला कळेल. शाळेच्या गाडीबाबतचा निर्णय चालकावर सोडू नये. तो मुख्याध्यापकांनी गाडी निघण्यापूर्वी घ्यावा आणि पालकांना कळवावा. मुले त्या रात्री शाळेत किंवा गावातील कोणाच्या घरी राहिली, तर एवढेच होईल की सकाळी ती उशिरा घरी पोहोचतील.

पैनगंगेच्या नाल्यांचे पाणी पाऊस थांबला की बहुधा काही तासांत उतरते. परत फिरणाऱ्याला एवढेच तास द्यावे लागतात.