खरेदीच्या भावाचा नांगर



जून २००७ मध्ये डीएलएफ या बांधकाम कंपनीचे समभाग प्रथमच सर्वसामान्यांसाठी विक्रीस आले. गुडगावचा कायापालट करणारी ही कंपनी राजधानीच्या परिसरात घरोघरी परिचित होती. समभागाचा भाव ठरला ५२५ रुपये. जानेवारी २००८ मध्ये तो बाराशेच्या आसपास पोहोचला. त्याच वर्षाच्या मध्याला ५२५ च्या खाली आला आणि मार्च २००९ अखेर पावणेदोनशेच्या जवळ येऊन ठेपला.

एका काल्पनिक गृहस्थांनी आरंभीच शंभर समभाग घेतले होते असे मानावे. त्यांचे ५२,५०० रुपये आता १७,५०० झाले. घरच्यांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मुद्दल निघू दे, मग विकतो." वाक्य समंजस वाटते, पण त्यात दोन गाठी आहेत.

पहिली गाठ ५२५ या आकड्याची. किनाऱ्याला नांगरलेल्या नावेसारखे मन त्या आकड्याभोवती फिरत राहते. बाजाराला मात्र त्या गृहस्थांनी काय मोजले याची वार्ताही नसते. समभागाचे मोल कंपनीच्या पुढील मिळकतीवर, कर्जावर आणि मागणीवर ठरते. दुसरी गाठ गेलेल्या पैशाची. पस्तीस हजार रुपये विकले तरी गेले आणि ठेवले तरी गेलेच. तरीही विक्री केली की चूक कबूल केल्यासारखे वाटते, म्हणून ती पुढे ढकलली जाते. हर्श शेफ्रिन आणि माइर स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये हाच स्वभाव मांडला: गुंतवणूकदार नफ्यातले समभाग लवकर विकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात.

डीएलएफचा भाव पुन्हा ५२५ वर आला तो २०२३ च्या उत्तरार्धात. मुद्दल निघाले, पण पंधरा वर्षांनी. मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स दहा हजारांच्या खाली होता; २०२३ च्या अखेरीपर्यंत तो सहापटींहून अधिक वाढला. लाभांश आणि खर्च बाजूला ठेवले, तर तेच १७,५०० रुपये निर्देशांकाबरोबर वाढून लाखावर गेले असते. गृहस्थांना ज्या तोट्याची भीती होती तो आधीच झाला होता. वाट पाहण्याचा तोटा मात्र कोणत्याही विवरणात दिसला नाही.

आणि परत येणारा भाव हा नियम नव्हे. याच परिसरातील युनिटेकचा समभाग जानेवारी २००८ मध्ये पाचशेच्या वर होता. २०२० च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची व्यवस्था केंद्र सरकारने सुचविलेल्या मंडळाकडे सोपविली, तेव्हा भाव रुपया-दोन रुपयांवर आला होता. 'सरासरी खाली आणू' म्हणून ज्यांनी वाटेत आणखी समभाग घेतले, त्यांची सरासरी उतरली, पण बुडणारी रक्कम वाढली.

याचा अर्थ पडलेला समभाग विकावाच असा नाही. २०१६ च्या आरंभी डीएलएफ शंभराच्या खाली असताना ज्यांनी कंपनीचा हिशोब पाहून तो ठेवला किंवा घेतला, त्यांचा निर्णय फळाला आला. उलट २०२३ मध्ये ५२५ दिसताच "सुटलो" म्हणून ज्यांनी विकला, त्यांनी २०२४ च्या आरंभी तोच आठशेपार जाताना पाहिला. नांगर उतरताना अडवतो, तसाच चढतानाही अडवतो.

म्हणून कसोटी एकच: आज हातात समभागांऐवजी तितकी रोख रक्कम असती, तर हेच समभाग घेतले असते का? उत्तर 'नाही' असेल, तर ते धरून ठेवण्याचे कारण केवळ जुना भाव आहे.

जुन्या भावाचा खरा उपयोग आयकरात होतो. अल्पकालीन तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा करता येतो, दीर्घकालीन तोटा केवळ दीर्घकालीन नफ्यातून. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो. मोबाइलच्या पडद्यावर खरेदीचा भाव आणि लाल आकडे रोज समोर येतात. वर्षातून एकदा कागदावर केवळ समभागाचे नाव, आजची किंमत आणि तो ठेवण्याचे कारण लिहावे. ज्या नावापुढे "भाव परत यावा" याखेरीज काही सुचत नाही, तेथे नांगर रुतला आहे असे समजावे.