आधी धूळ, मग नारिंगी झाक

१९८६ सालचा माझा एक कलर निगेटिव्हचा रोल दर बदलीला ट्रंकेतून फिरला. त्यात आईचा शेवटचा फोटो आहे. पहिल्यांदा मी तो स्कॅन केला, नुसता उलटवला आणि लगेच शार्पनेस वाढवला. धुळीचे पांढरे ठिपके आणखी उठून दिसले, आईचा चेहरा निळा पडला.

दुसऱ्यांदा क्रम बदलला. फिल्म कडेने धरून रबरी ब्लोअरने धूळ उडवली. पुसली नाही, कण घासला की कायमचा ओरखडा पडतो. उरलेली धूळ आणि ओरखडे स्कॅनरच्या इन्फ्रारेड किरणांनी हुडकले. कलर फिल्ममधून हे किरण आरपार जातात, धुळीपाशी अडतात. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर हा उपाय चालत नाही, कारण तिथे चित्रातली चांदीच किरण अडवते.

मग नारिंगी झाक. दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवर फक्त हीच झाक असते. त्या पट्टीवर लाल, हिरवा, निळा सारखे भरतील असे जुळवले आणि त्यानंतरच चित्र उलटवले. निळेपणा गेला. आईच्या लुगड्याचा हिरवा रंग परत दिसला. शार्पनेसला मी अजून हात लावलेला नाही.