एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने



कर्जाचा सापळा घरात शिरतो तेव्हा दार वाजवीत नाही. एखाद्या नोकरदार गृहस्थाचे उदाहरण घेऊ. त्याच्या क्रेडिट कार्डावर 1,00,000 रुपये थकले आहेत. बिलावर ‘किमान देय रक्कम’ 5,000 रुपये छापलेली असते. तेवढी भरली की बँकेचा फोन येत नाही, आणि आपण नियमित आहोत, असे त्या बिचाऱ्याला वाटते. परंतु दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज झाले 3,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 630 रुपये. म्हणजे पाच हजार भरूनही मूळ देणे घटले अवघे 870 रुपयांनी! शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर किराणा आणला, तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. बिनव्याजी मुदत तेव्हा उरलेली नसते.

पुढच्या महिन्यात हाती पाच हजारही नसतात. मग दुसऱ्या कार्डावर एटीएममधून रोख काढली जाते. त्याचे शुल्क समजा 500, त्यावर कर 90 रुपये. आता पहिल्या कार्डाचे देणे सुमारे 900 ने कमी आणि दुसऱ्याचे 5,590 ने जास्त. एकूण कर्ज एका फेरीत सुमारे 4,700 रुपयांनी वाढले, आणि दोन्ही बँकांच्या दप्तरी हा गृहस्थ उत्तम ग्राहक! सापळ्याची खूण इथे आहे. हप्ता चुकला की नाही, हे पाहू नये. सर्व कार्डांच्या थकबाकीची बेरीज मागील महिन्यापेक्षा वाढली की घटली, हे पाहावे. बिल घरच्यांपासून लपवावेसे वाटणे, ही दुसरी खूण.

सुटकेचा मार्ग हप्ते चुकण्यापूर्वीच धरावा लागतो, कारण पत बिघडल्यावर स्वस्त कर्ज मिळत नाही. प्रथम ही बेरीज पत्नीसमोर कागदावर मांडावी. मग 1,05,000 रुपयांचे वैयक्तिक कर्ज 16 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 3,700 रुपये येतो. किमान रकमेहूनही कमी, आणि कर्ज संपण्याची तारीख ठरलेली. घरातले सोने तारण ठेवल्यास व्याज बहुधा आणखी कमी पडते. मात्र दोन्ही कार्डे त्याच दिवशी बंद करावीत, नाहीतर वर्षभरात हप्ताही राहतो आणि कार्डेही पुन्हा भरतात. पुष्कळांचे घोडे इथेच अडते.

नवे कर्ज मिळत नसेल, तर थकबाकीचे हप्ते पाडून द्यावेत, असा लेखी अर्ज कार्डाच्या बँकेकडेच करावा. तडजोडीने रक्कम कमी करून घेणे हा शेवटचा उपाय. पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे गृहकर्ज मागताना तो आडवा येतो. वसुलीचा माणूस सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर फोन करीत असेल, तर रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये त्यास मनाई केली आहे. बँकेकडे लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि तेथे शुल्क लागत नाही.