जंतू एकच, मग आजार दोन का?

कुष्ठरोगाच्या एका टोकाला जो रुग्ण असतो, त्याच्या अंगावर एखाददुसराच चट्टा असतो. चट्ट्याची कड उठावाची, मधला भाग फिकट, कोरडा आणि बधिर. त्याचा तुकडा काढून तपासला तर जंतू बहुधा दिसतच नाहीत. या प्रकाराला ट्यूबरक्युलॉइड म्हणतात. दुसऱ्या टोकाच्या, म्हणजे लेप्रोमॅटस रुग्णाची त्वचा जागोजागी जाड आणि तुकतुकीत होते, भुवया विरळ होतात, कानाच्या पाळ्या सुजतात. त्याच्या पाळीतला द्रव काचपट्टीवर पसरला की जंतूंचे पुंजकेच्या पुंजके दिसतात. रिडले यांच्या मोजपट्टीवर हा रुग्ण 6+ पर्यंत जातो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या एकेका क्षेत्रात हजारावर जंतू. या मोजपट्टीची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट असते, हे लक्षात घेतलं की दोन टोकांमधलं अंतर कळतं. 1966 मध्ये रिडले आणि जॉपलिंग यांनी या टोकांमध्ये आणखी तीन पायऱ्या मांडल्या. त्या मधल्या पायऱ्यांना बॉर्डरलाइन म्हणतात, आणि आजार कोणत्या टोकाला जाणार हे मदतनीस टी पेशी ठरवतात, या माझ्या आजच्या युक्तिवादाचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच सापडतो.

साहजिक शंका अशी, की जंतूच दोन जातींचे असतील. तसं नाही. 2001 मध्ये या जंतूची जनुकसंहिता पूर्ण वाचली गेली. हजाराहून जास्त जनुकं त्यात निकामी होऊन पडलेली आहेत. 2005 मध्ये निरनिराळ्या खंडांतले जंतू ताडून पाहिले तेव्हा ते जवळजवळ एकसारखे निघाले. एकाच स्रोतापासून लागण होऊनही कुणाला एका टोकाचा आजार होतो, कुणाला दुसऱ्या. मग दोष रुग्णाच्या एकूण प्रतिकारशक्तीचा म्हणावा, तर तेही जुळत नाही. लेप्रोमॅटस रुग्ण इतर संसर्गांना सर्वसाधारण माणसासारखाच तोंड देतो. मृत कुष्ठजंतूंचा अर्क त्वचेत टोचून तीन-चार आठवडे वाट पाहायची, ही लेप्रोमिन चाचणी. ट्यूबरक्युलॉइड रुग्णाला त्या जागी गाठ उठते, लेप्रोमॅटस रुग्णाला काहीच उठत नाही. म्हणजे त्याच्या शरीराचं दुर्लक्ष नेमकं याच एका जंतूकडे होतं.

या दुर्लक्षाचा माग मदतनीस टी पेशींपाशी लागतो. कुष्ठजंतू महाभक्षी पेशींच्या आत शिरून राहतो. रक्तातली प्रतिपिंडं तिथे पोहोचत नाहीत. त्याला मारायचं तर त्या महाभक्षी पेशीलाच चेतवावं लागतं, आणि हे काम मदतनीस टी पेशी सायटोकाइन नावाची संदेशरसायनं सोडून करतात. 1986 मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांत दाखवून दिलं, की या पेशी दोन वळणांच्या असतात. पहिल्या वळणाच्या, टीएच-1 पेशी इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्यूकिन-2 सोडतात. त्याने महाभक्षी पेशी चेततात आणि जंतूंभोवती घट्ट गाठ बनते. टीएच-2 पेशी इंटरल्यूकिन-4 आणि 5 सोडून प्रतिपिंडांचं उत्पादन वाढवतात. 1991 मध्ये रुग्णांचे चट्टे थेट तपासले गेले. ट्यूबरक्युलॉइड चट्ट्यात पहिला संच ठळक होता, लेप्रोमॅटस चट्ट्यात दुसरा, आणि त्याच्या जोडीला महाभक्षी पेशींना थंड करणारं इंटरल्यूकिन-10. लेप्रोमॅटस रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात. त्यांचा उपयोग मात्र होत नाही, कारण लढाई पेशीच्या आत आहे.

इथे चिकित्सक श्रोता अडवेल, आणि त्याने अडवावंच. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कदाचित जंतूंचा प्रचंड भार झाल्यामुळेच टी पेशींचं वळण बदलत असेल. या आक्षेपाला उत्तर देताना मी बॉर्डरलाइन रुग्णाकडे वळतो. समजा, लेप्रोमॅटस टोकाकडे झुकलेला, 4+ भार असलेला रुग्ण आहे. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन सुरू होऊन तिसरा महिना आहे. अचानक त्याचे जुनेच चट्टे लाल होऊन सुजतात, कोपरामागची नस जाड होऊन दुखू लागते, करंगळीची ताकद कमी होते. नवे चट्टे नाहीत, ताप फारसा नाही. नव्या, दुखऱ्या गाठी आणि ताप असता तर तो प्रतिक्रियेचा दुसरा प्रकार, लेप्रोमॅटस रुग्णांत दिसणारा, आणि तो म्हणजे टोक बदलणं नव्हे. इथे मात्र चट्ट्याच्या तपासणीत मदतनीस टी पेशी वाढलेल्या दिसतात, इंटरफेरॉन गॅमा चढलेलं असतं आणि जंतू घटू लागतात. माणूस तोच, जंतू तोच, आणि प्रतिसादाचं वळण टीएच-1 कडे फिरल्याबरोबर आजार ट्यूबरक्युलॉइड टोकाकडे सरकतो. औषधाने भार हलका झाल्याचा यात वाटा असेल, हे मला मान्य आहे. पण भार हेच एकमेव कारण असतं, तर बरा झालेला पक्का लेप्रोमॅटस रुग्ण जंतू गेल्यावर लेप्रोमिनला प्रतिसाद देऊ लागला असता. बहुतेकदा तो देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि त्याचा पुरावा भारतातलाच आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत इंदिरा नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या टी पेशी तपासल्या. काहींत वळण स्पष्ट होतं, पण काहींत दोन्ही संच एकत्र सापडले. तेव्हा टीएच-1 म्हणजे ट्यूबरक्युलॉइड आणि टीएच-2 म्हणजे लेप्रोमॅटस, हे समीकरण पाठ्यपुस्तकात दिसतं तितकं सरळ नाही. माझं मत असं, की ते दोन टोकांना चांगलं लागू पडतं, मधल्या पायऱ्यांवर सैल होतं. त्यातही लेप्रोमॅटस टोकाला टीएच-2 असण्यापेक्षा टीएच-1 नसणं अधिक महत्त्वाचं दिसतं.

एचआयव्हीचा अनुभवही पहिल्यांदा या सिद्धांताच्या विरोधात जातो असं वाटतं. हा विषाणू मदतनीस टी पेशीच नष्ट करतो, म्हणून दोन्ही संसर्ग असलेले रुग्ण लेप्रोमॅटस टोकाला घसरतील अशी अपेक्षा होती. तसं घडलं नाही, आणि का घडलं नाही याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही. एचआयव्हीची औषधं सुरू केल्यावर मात्र अशा काही रुग्णांत टी पेशी पुन्हा वाढतात आणि वर सांगितली तशीच, चट्टे सुजवणारी प्रतिक्रिया उसळते. पेशींची संख्या आणि त्यांचं वळण या वेगळ्या बाबी आहेत, एवढा धडा यातून घेता येतो.

टी पेशींना हे वळण कोण लावतं? याचं उत्तर त्यांच्याही आधीच्या टप्प्यात आहे. महाभक्षी पेशीने जंतू पाहून इंटरल्यूकिन-12 सोडलं तर टी पेशी टीएच-1 कडे जातात. 2013 मध्ये असं दिसलं, की लेप्रोमॅटस चट्ट्यांत इंटरफेरॉन बीटा आणि त्याच्यामागून येणारं इंटरल्यूकिन-10 जास्त असतं, आणि ही जोडी इंटरफेरॉन गॅमाने सुरू होणारी, ड जीवनसत्त्वावर अवलंबलेली जंतुनाशक यंत्रणा रोखते. त्यात आनुवंशिकतेचाही हात आहे. 2009 च्या चिनी अभ्यासात ज्या जनुकांचा संबंध लागला, त्यांत जंतू ओळखणाऱ्या साखळीतलं एनओडी-2 होतं. म्हणून टी पेशी निर्णय घेतात, असं म्हणताना मला एवढंच म्हणायचं आहे, की आधीच्या अनेक कारणांचा निकाल त्यांच्यापाशी एकवटतो.

मग लेप्रोमॅटस रुग्णाला इंटरफेरॉन गॅमाच का देऊ नये? 1986 मध्ये ते रुग्णांच्या त्वचेत टोचून पाहिलं गेलं, आणि टोचलेल्या जागी पेशींची ठेवण ट्यूबरक्युलॉइडसारखी होऊ लागली. पण हा उपाय रुजला नाही. नस बधिर होते ती बहुतांशी जंतूंमुळे नव्हे, त्यांच्यावर चाल करून येणाऱ्या याच टीएच-1 प्रतिसादाने नसेत सूज येऊन. म्हणून वरच्या रुग्णाला डॉक्टर जंतुनाशक औषधं चालूच ठेवतात, आणि सोबत रोज सुमारे 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू करून ते काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. जो प्रतिसाद जंतू संपवतो आहे तोच दाबायचा, कारण तो लवकर आवरला नाही तर करंगळीची ताकद कायमची जाते.