‘म्हणजे’ कुठे येतं?

राज्यसेवेची किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत द्यायला आंबेगाव-जुन्नरचा मुलगा किंवा मुलगी बसली, की गावाकडचा एखादा प्रश्न हमखास धरून चालावं. अर्जात ठिकाण लिहिलेलं असतं आणि समोरच्यांना तिथूनच बोलणं सुरू करणं सोयीचं जातं. आपलीच मुलं याच प्रश्नाचा सराव सगळ्यात कमी करतात. घरचंच तर आहे, त्याची काय तयारी करायची, असं त्यांना वाटतं. म्हणून आज मी हा एकच प्रश्न घेणार आहे: ‘भीमाशंकर अभयारण्यामुळे तुमच्या लोकांचं भलं झालं की नुकसान?’

समजा, मित्र समोर बसला आहे. टेबलावर मोबाइल आहे, रेकॉर्डिंग चालू आहे. मित्राने प्रश्न विचारला आणि उत्तर आलं ते असं: ‘म्हणजे ॲक्चुअली काय आहे सर, की भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग पण आहे, शेकरू पण आहे, आणि अभयारण्य, म्हणजे, अं... ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास झालं, तर लोकांना तसा फायदा पण आहे, तोटा पण आहे, हिरडा वगैरे असतो, तर असं आहे सर.’

हे नुसतं ऐकून सोडू नका. ऐकताना आपला कान आपल्याला सांभाळून घेतो. थांबवत थांबवत, ‘अं’सकट, जसंच्या तसं वहीत उतरवा आणि मग अडखळलेल्या जागांवर गोल करा. किती गोल झाले यापेक्षा ते वाक्यात कुठे पडले, ते मला महत्त्वाचं वाटतं, कारण प्रत्येक जागेचं दुखणं वेगळं असतं.

इथला पहिला गोल अगदी सुरुवातीला आहे. काय म्हणायचं ते ठरण्याआधीच तोंड उघडलं गेलं. ज्योतिर्लिंग आणि शेकरू आले तेही त्यामुळेच. विचारलं होतं लोकांबद्दल. यावर उपाय एकच: प्रश्न संपल्यावर गप्प राहून आधी आपला कौल ठरवायचा. ही शांतता बोलणाऱ्याला फार लांब वाटते. रेकॉर्डिंगवर मोजून बघा, बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदच भरतात.

दुसरा गोल सालाच्या आधी आहे. तिथे बोलण्याचा दोष नाही, अभ्यास कच्चा आहे. अभयारण्य 1985 साली जाहीर झालं, एवढं पक्कं करा. ‘अं’ आपोआप जाईल.

शेवटचा गोल ‘वगैरे’वर. उत्तर कुठे थांबवायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, हिरडा, त्या ‘वगैरे’खाली गाडली गेली.

आता मित्राचं काम. ‘कसं झालं?’ असं त्याला विचारलंत तर तो ‘मस्त झालं’ म्हणेल, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला सांगा, ‘माझ्या उत्तरातून तुला काय कळलं ते दोन वाक्यांत सांग, आणि त्यातूनच पुढचा प्रश्न काढ.’ वरच्या उत्तरावर तो म्हणेल, ‘फायदा-तोटा दोन्ही आहे एवढं कळलं. पण तोटा कोणता? आणि हिरड्याचं काय?’ मला तर हाच खरा अभिप्राय वाटतो. मात्र आपल्याच वाडीतला मित्र इथे कमी पडतो. त्याला हिरडा ठाऊकच असतो, म्हणून तो अडवत नाही. एखाद्या फेरीला लातूरचा किंवा मुंबईचा कुणी समोर बसवा.

दुसऱ्या फेरीत तोच मुलगा म्हणेल: ‘सर, जंगल टिकलं हे भलंच झालं, पण जंगलावर जगणाऱ्यांच्या वापरावर बंधनं आली. आमच्याकडे महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून विकतात. बाळहिरडा म्हणजे कोवळा तोडून वाळवलेला हिरडा. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क अभयारण्यातही मान्य केला आहे. तो हक्क गावागावात प्रत्यक्ष मिळाला, तर जंगल आणि माणसं दोन्ही टिकतील, असं माझं मत आहे.’

यातही एक ‘म्हणजे’ आहे. त्याला गोल करू नका, तो अर्थ सांगतोय. सगळेच ‘म्हणजे’ आणि ‘तर’ हुसकून लावायला गेलात, की बोलणं निवेदकासारखं ताठर होतं आणि लक्ष प्रश्नावरून उडून स्वतःच्या जिभेवर बसतं. तसंच हे नवं उत्तर पाठही करू नका. पाठ केलेलं रेकॉर्डिंगवर लगेच ओळखू येतं: वेग एकसारखा राहतो आणि मित्राने मध्येच तोडलं की पुढचं वाक्य सापडत नाही. म्हणून त्याला मुद्दाम तोडायला सांगा. कधी डिंभे धरणाकडे, कधी माळीणकडे वळवू दे.

मुलाखत चार दिवसांवर आली की रेकॉर्डिंग बंद करा. त्या दिवसांत नुसते प्रश्न घ्या, आणि वहीतल्या ज्या सालांशी, आकड्यांशी अडलात, तेवढे पुन्हा वाचा.