आईसाठी यूपीआयचा निरोप

गावी राहणाऱ्या आईला यूपीआयनं पैसे द्यायला शिकवायचंय? मग निरोप असा लिहा: "आई, भाजीवाल्याला 80 रुपये द्यायचेत ना? अ‍ॅप उघड, स्कॅनचं बटण दाब आणि मोबाईल त्याच्या क्यूआर कोडवर धर. नाव दिसेल, ते मोठ्यानं वाच. 'हो, माझंच' असं तो म्हणाला, तरच 80 आकडा टाक, पुढे जा आणि पिन टाक. पिन मात्र मोठ्यानं नको!"

त्याखाली पडद्यावरचे इंग्रजी शब्द त्याच क्रमानं द्या: Scan QR, Amount, Pay, Enter UPI PIN. अ‍ॅपनुसार हे शब्द थोडे बदलतात, म्हणून तिच्याच मोबाईलवर पाहून लिहिलेले बरे.

Pending दिसलं, तर लगेच पुन्हा पैसे पाठवू नयेत. आधी History उघडून पाहावं. व्यवहार फसला, तर कापलेले पैसे सहसा आपोआप खात्यात परत येतात.

आणि शेवटची ओळ ठळक लिहा: पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हणालं, तर सरळ फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करा.